पाळणा खिडकीकडे वळवा

घरच्या बारशाचे फोटो बहुतेक वेळा पाळणा मांडतानाच बिघडलेले असतात. फोन त्यानंतर खिशातून निघतो.

फ्लॅटच्या हॉलमधली मोकळी जागा म्हणजे बाल्कनीच्या सरकत्या दारापुढची. डेकोरेशनवाला येतो, दारावर जाळीचा पडदा आणि झेंडूच्या माळा सोडतो, नावाची झाकलेली पाटी टांगतो आणि पुढे पाळणा ठेवतो. डोळ्यांना ते सुरेखच दिसतं. पण कार्यक्रम सकाळी अकराचा, बाहेर लख्ख ऊन. आत्या नाव सांगायला बाळाच्या कानाशी वाकते आणि फोटोत तिचा चेहरा काळवंडतो, मागचं दार मात्र पांढरंफेक. आपले डोळे बाहेरचं ऊन आणि आतली सावली एकाच वेळी निभावून नेतात, कॅमेऱ्याला ते तितकंसं जमत नाही. आताचे फोन कमी-जास्त उजेडाचे दोन-तीन फोटो आपणहून जोडून चेहरा उजळवतात खरं, पण तो राखाडी, निस्तेज दिसतो आणि हलणारे हात पुसट होतात.

उपाय पैशाचा नाही, सामान हलवण्याचा आहे. दहा बाय सोळाचा हॉल आणि त्याच्या अरुंद बाजूला बाल्कनी आहे असं धरू. सजावट दारावर न करता लांबीच्या भिंतीवर करायची. पाळणा त्या भिंतीलगत, भिंतीला समांतर, दारापासून साधारण चार फूट आत ठेवायचा. फोटो काढणारे समोरच्या भिंतीकडे उभे राहतात, त्यामुळे उजेड त्यांच्या पाठीमागून किंवा समोरून न येता बाजूने येतो. चेहऱ्याची एक बाजू उजळ, दुसरी किंचित सावळी राहते आणि नाकाडोळ्यांना उठाव येतो. दारापासून फार लांब जाऊ नका. खिडकीचा उजेड आत शिरताच झपाट्याने ओसरतो. आपल्याला ते जाणवत नाही, पण हॉलच्या दुसऱ्या टोकाला फोनला तोच फोटो घ्यायला कितीतरी जास्त वेळ लागतो. तेवढ्यात बाळाने हात झटकला की हात धूसर.

बाळाचं डोकं दाराच्या बाजूला हवं, पाय आतल्या बाजूला. उजेड कपाळावरून हनुवटीकडे उतरला की चेहरा नेहमीसारखा दिसतो. पायांकडून आला तर नाकपुड्या आणि हनुवटीची खालची बाजू उजळते आणि गोड बाळही भलतंच दिसायला लागतं. ही एक गोष्ट भलेभले विसरतात.

दारातून थेट ऊन आत येत असेल तर त्यावर पांढरा पातळ पडदा ओढा. पडदा नसेल तर जुनं धुतलेलं धोतर चालेल. रंगीत पडदा मात्र नको. केशरी पडद्यातून आलेला उजेड सगळ्यांना केशरी करतो, हिरव्यातून आलेला आजारी.

मग ट्यूबलाइट आणि पिवळे दिवे बंद करा. ‘शुभकार्याला अंधार कसला?’ असं कोणीतरी ज्येष्ठ म्हणणारच. त्यांना म्हणावं, नाव ठेवून होईपर्यंत दहा मिनिटं दम धरा. दिवसाचा उजेड जरा निळसर, बल्बचा पिवळा. फोन रंग जुळवतो तो एकाच उजेडाशी, त्यामुळे दोन्ही एकत्र आले की गालाची एक बाजू निळी, दुसरी हळदीची. सजावटीतली बारीक दिव्यांची माळ राहू द्या, तिने काही बिघडत नाही. फ्लॅश तर नकोच. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांचा विचार आहेच, शिवाय फ्लॅशने पुढच्यांचे चेहरे तेलकट चमकतात आणि मागची मंडळी अंधारात जातात.

पारंपरिक बारसं संध्याकाळचं. डिसेंबरात सहाच्या सुमाराला अंधारतं आणि वरचं सगळं निरुपयोगी ठरतं. वेळ आपल्या हातात असेल तर सकाळी किंवा फार तर चारला ठेवा. संध्याकाळच हवी असेल तर सगळे दिवे निदान एकाच रंगाचे लावा.

जागा बरोबर आहे का, हे तपासायची सोपी खूण आहे. आदल्या दिवशी त्याच वेळी घरातल्या कोणालातरी पाळण्याजागी बसवा आणि डोळ्यांत बघा. दोन्ही बुबुळांत खिडकीचा छोटा पांढरा ठिपका दिसला की जागा जमली. ठिपका दिसत नसेल तर माणसाला थोडं उजेडाकडे वळवा.

आता प्रत्यक्ष फोटो. आधी लेन्स सुती कापडाने पुसा. कार्यात फोन तेलाच्या, कुंकवाच्या बोटांनी दहा हातांत फिरतो आणि सगळे फोटो धुक्यातले येतात. पडद्यावर आत्याच्या चेहऱ्यावर बोट टेकवा. चेहरा फार उजळला तर शेजारच्या सूर्याच्या खुणेवरून बोट खाली ओढा. पांढऱ्या टोपड्याची वीण दिसेनाशी झाली तर उजेड जास्त झाला, असं समजा.

मग चौकटीच्या चारही कडा बघा. आत्याच्या डोक्यातून उगवलेला पंखा, बाजूचा स्विचबोर्ड, निळी प्लॅस्टिकची खुर्ची या गोष्टी त्या क्षणी दिसत नाहीत, फोटोत त्याच आधी दिसतात. दोन पावलं डावीकडे सरकलं तरी त्यातलं निम्मं जातं. उभ्याने वरून काढू नका. गुडघ्यावर बसा आणि फोन पाळण्याच्या कडेइतका खाली आणा. आत्याचा चेहरा, तिचा कानाशी धरलेला तळवा आणि बाळाचा कान एवढंच चौकटीत ठेवा, बाकी हॉल वगळा. फोनला दुप्पट मोठं दाखवणारी वेगळी लेन्स असेल तर पाच-सहा फुटांवरून तीच वापरा. अगदी जवळ जाऊन साध्या लेन्सने काढलं तर नाक मोठं येतं. बोटांनी चिमटून झूम करत गेलात तर मात्र फोन बहुधा चित्र नुसतं कापून ताणतो. मागचं धूसर करणारा मोड मला अशा वेळी आवडत नाही, तो नथीचा आकडा आणि गजऱ्याच्या कडा खाऊन टाकतो.

नाव सांगितल्याबरोबर बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. बारशातला सगळ्यात जिवंत फोटो हाच. त्यासाठी आधीच उठून दोन पावलं मागे या, आत्याचा चेहरा ज्या बाजूने दिसेल तिथे जा आणि ओळीने भराभर फोटो घ्या. पंधरातले बारा हललेले निघतील, तीन पुरतात.

तीस माणसांचा ग्रुप फोटो हॉलमध्ये काढायच्या भानगडीत पडू नये. मागची रांग अंधारात जाते आणि रुंद लेन्स लावली की कडेची मावशी दीडपट होते, मग ती वर्षभर बोलत नाही. सगळ्यांना खाली न्या. भर उन्हात नको, डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पडतात. इमारतीच्या सावलीत, पार्किंगच्या तोंडाशी, चेहरे मोकळ्या आभाळाकडे करून उभे करा. तुम्ही स्टुलावर चढा, म्हणजे मागचेही दिसतील.

हे सगळं जमायला डेकोरेशनवाल्याला आगाऊ रक्कम देतानाच सांगून ठेवा, की सजावट बाल्कनीच्या दारावर नको, शेजारच्या भिंतीवर हवी. कार्याच्या सकाळी सांगितलंत तर तो ऐकणार नाही, कारण खिळे आधीच ठोकलेले असतात.