नोंद नाही म्हणजे पाऊस नाही का?

आर या संगणकभाषेच्या `dplyr` पॅकेजमधले `summarise` हे फलन अनेक नोंदींचा गोषवारा काढते: बेरीज, सरासरी, कमाल. त्या नोंदींत एखादी जागा रिकामी असेल, तर तिथे `NA` असते आणि गोषवाऱ्यातही बहुधा `NA` च येते. नवख्याला हा बिघाड वाटतो. प्रत्यक्षात हे उत्तर चोख आहे. एका दिवसाचा पाऊस ठाऊक नसेल, तर आठवड्याचा एकूण पाऊसही ठाऊक नसतो.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यातील तिसगाव महसूल मंडळ उदाहरणादाखल घेता येईल. राज्यात पाऊस मंडळनिहाय मोजला जातो आणि चोवीस तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पडला, तर मदतीच्या हिशेबात ती अतिवृष्टी ठरते. समजा, तिसगावच्या एका आठवड्याच्या नोंदी सोमवारपासून अशा आहेत (आकडे केवळ समजावण्यासाठी): 0, 12, `NA`, 3, `NA`, 0, 5. मंडळानुसार गट पाडून बेरीज केली की शेजारच्या मिरी, करंजीसमोर आकडे येतात आणि तिसगावसमोर `NA`. त्यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे `na.rm = TRUE`, म्हणजे रिकाम्या नोंदी वगळून हिशेब करणे.

वगळल्यावर बेरीज 20 येते आणि सरासरी 4. बेरजेत रिकामे दोन दिवस गळले, याचा अर्थ त्या दिवशी शून्य पाऊस धरला गेला. सरासरी मात्र पाच दिवसांवर निघाली. ती आठवड्याला लावली, तर त्या दोन दिवशी प्रत्येकी 4 मिलिमीटर धरल्यासारखे होते आणि एकूण 28 होतात. नोंदी त्याच, सूचनाही तीच, पण गृहीतके दोन आणि परस्परविरोधी.

आठवडाभर पर्जन्यमापक यंत्र बंद असेल, तर प्रकरण आणखी बिकट. सगळ्या नोंदी वगळल्यावर सरासरी `NaN` येते, कमाल `-Inf` येते आणि सोबत इशाराही मिळतो. हे पाहून कोणीही थबकेल. बेरीज मात्र मुकाट्याने 0 येते. पर्जन्यछायेतल्या पाथर्डीत कोरड्या आठवड्याचा कोणाला संशय येणार?

म्हणून वगळण्याआधी जागा रिकामी का राहिली, हे शोधावे लागते. मूळ कागदावर पाऊस नसलेल्या दिवशी आडवी रेघ मारण्याची पद्धत असेल, तर आकड्यांत रूपांतर करताना आर त्या रेघेचे `NA` करते. ती नोंद हरवलेली नाही, ती शून्य आहे. तिथे 0 भरणेच योग्य. बॅटरी उतरल्याने नोंद राहिली असेल आणि त्याचा पावसाशी संबंध नसेल, तर सरासरीपुरते वगळणे समर्थनीय ठरते. वादळात वीज गेली किंवा यंत्र पडले म्हणून नोंद नसेल, तर मात्र नेमके जोराच्या पावसाचे दिवस गळतात आणि उरलेली सरासरी खोटी कमी येते. याचा सुगावा शेजारून लागतो: तिसगावच्या रिकाम्या तारखांना मिरी आणि करंजीत मोठा पाऊस असेल, तर वगळणे बाद.

कारण निर्दोष असले, तरी किती दिवस गळले हे गोषवाऱ्यात दिसायलाच हवे.

```r
pavus |>
  group_by(mandal) |>
  summarise(
    ekun  = sum(mm, na.rm = TRUE),
    nondi = sum(!is.na(mm)),
    gahal = sum(is.na(mm))
  )
```

इथे नव्या स्तंभाला `ekun` हे वेगळे नाव मुद्दाम दिले आहे. त्यालाही `mm` म्हटले असते, तर पुढच्या ओळींनी मूळ नोंदींऐवजी ही तयार बेरीज वाचली असती आणि `gahal` नेहमी 0 दाखवले असते.

किती गहाळ नोंदी चालतात, याला जागतिक हवामान संघटनेच्या 2017 च्या मार्गदर्शिकेचा आधार आहे. महिन्यात 11 किंवा अधिक दिवस, अथवा सलग 5 किंवा अधिक दिवस गहाळ असतील, तर मासिक सरासरी काढू नये, असे ती सांगते. पावसासारख्या बेरजेसाठी अट कडक आहे: सगळे दिवस हवेत, किंवा राहिलेल्या दिवसांचा साचलेला पाऊस नंतरच्या मोजणीत आलेला हवा. त्या निकषावर तिसगावच्या बेरजेतले `NA` तसेच ठेवावे लागते. 20 लिहायचेच, तर ते ‘किमान 20’ असे लिहावे. पाऊस ऋण नसल्याने एवढे विधान टिकते.

अतिवृष्टीच्या प्रश्नाला तर वगळण्याची गरजच पडत नाही. एका दिवशी 70 मिलिमीटर नोंदले गेले असेल, तर दोन दिवस रिकामे असूनही `any(mm > 65)` चे उत्तर `TRUE` येते, कारण राहिलेल्या दिवशी काहीही घडले असले तरी निष्कर्ष बदलत नाही. वरच्या आठवड्यात हेच विचारले, तर उत्तर `NA` येते. तिथे `na.rm = TRUE` जोडले की `FALSE` मिळते, आणि न मोजलेल्या दोन दिवसांच्या भरवशावर मंडळ अतिवृष्टीच्या यादीबाहेर राहते.