फॉर्मच्या स्क्रीनशॉटवरून नेमके आकडे कसे काढायचे?

सर्वे संपला की ग्रुपवर बहुतेक वेळा फॉर्मची लिंक येत नाही, शीटही येत नाही. येतो तो गूगल फॉर्म्सच्या `Summary` पानाचा स्क्रीनशॉट. त्यात रंगीत गोल, आडव्या पट्ट्या आणि टक्के असतात. आणि खाली मेसेज असतो, "यावरून रिपोर्ट बनव ना, संध्याकाळी मीटिंग आहे."

फॉर्म तुमचाच असेल किंवा त्याचा एडिट अॅक्सेस मिळत असेल, तर सरळ रिस्पॉन्सेसची शीट उघडा आणि तिथून मोजा. पण हातात फक्त चित्र असेल, तरी त्यातून बऱ्याचदा अगदी नेमकी संख्या काढता येते. कशी, ते एका उदाहरणावरून बघूया.

समजा, हॉस्टेलच्या मेसबद्दल एक फॉर्म फिरवला. वर `47 responses` दिसतंय. पहिला प्रश्न आहे, रात्रीचं जेवण किती वाजता हवं? त्याचा पाय चार्ट असा आहे: ७:३० ला १९.६%, ८:०० ला ४५.७%, ८:३० ला ३०.४%. चौथा पर्याय `Other`, पण त्याच्या बारीक तुकड्यावर आकडाच छापलेला नाही.

आधी प्रश्नाखालची संख्या बघा

सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. वरचे ४७ म्हणजे फॉर्म भरणारे एकूण लोक. पण प्रश्न 'रिक्वायर्ड' नसेल, तर काही जण तो सोडून देतात. म्हणून प्रत्येक प्रश्नाच्या नावाखाली त्याची वेगळी संख्या असते. आपल्या प्रश्नाखाली `46 responses` लिहिलंय. टक्के काढलेत ते या ४६ मधून, ४७ मधून नाही.

आता टक्क्यांची माणसं करू. शीटच्या एका सेलमध्ये हे टाइप करा:

```
=46*45.7/100
```

उत्तर येतं २१.०२, म्हणजे २१ जण. तसंच ३०.४% चे १३.९८, म्हणजे १४ जण. १९.६% चे ९.०२, म्हणजे ९ जण. बेरीज झाली ४४. राहिले २, ते `Other` चे. छापला नव्हता तो आकडाही मिळाला.

बरोबर आलंय, हे कशावरून?

४६ लोकांत एक माणूस म्हणजे जवळजवळ २.१७ टक्के. फॉर्म टक्के एका दशांशापर्यंत दाखवतो, म्हणजे छापलेल्या आकड्यात चूक असली तर ती जास्तीत जास्त ०.०५ टक्क्याची. एका माणसाच्या मानाने ती इतकी लहान आहे की २१ च्या जागी २० किंवा २२ येणं शक्यच नाही. म्हणून गुणाकार नेहमी पूर्ण संख्येला अगदी चिकटून यायला हवा.

हीच आपली तपासणी. चुकून ४६ ऐवजी ४७ घेतले असते तर? ४७ चे ४५.७% म्हणजे २१.४८. अर्धा माणूस कुठून आला? असं उत्तर आलं की समजायचं, एकूण संख्या चुकीची घेतलीय किंवा धूसर स्क्रीनशॉटमध्ये आकडा चुकीचा वाचलाय. ४५.७ चं ४५.१ वाचलंत तर २०.७५ येईल, म्हणजे तेही पकडलं जाईल. त्यामुळे आधी पॉइंटनंतरचे आकडे बघा, मगच राउंड करा. सुरुवातीलाच `ROUND` लावलंत तर ही खूण पुसली जाते.

मर्यादाही लक्षात ठेवा. पाचशेच्या आसपास रिस्पॉन्सेस असतील तर खऱ्या उत्तरातही पाव माणसाचा फरक दिसू शकतो, त्यामुळे ही तपासणी ढिली पडते. हजाराच्या पुढे एकाच टक्क्यात दोन वेगळ्या संख्या बसू शकतात. तिथे 'सुमारे' असंच लिहा.

चेकबॉक्सची बेरीज १०० होत नाही, आणि ते बरोबर आहे

दुसरा प्रश्न, मेसमध्ये काय सुधारायला हवं? इथे एकापेक्षा जास्त पर्याय निवडता येतात, म्हणून आडव्या पट्ट्या आल्यात. त्यांच्यावर संख्या आणि टक्के दोन्ही छापलेले असतात, त्यामुळे गुणाकार नको, फक्त नीट उतरवून घ्या:

- भाजीची चव: २९ (६१.७%)
- स्वच्छता: २५ (५३.२%)
- पोळ्या: १८ (३८.३%)
- नाश्ता: ११ (२३.४%)

बेरीज होते ८३, आणि फॉर्म भरणारे ४७. चूक काहीच नाही. ८३ या टिक आहेत, माणसं नाहीत. प्रत्येक टक्का ४७ माणसांमधून काढलाय. म्हणून "६१.७% तक्रारी चवीच्या" हे वाक्य चुकीचं आहे. बरोबर वाक्य असं: "४७ पैकी २९ जणांनी चव निवडली."

दोन पट्ट्यांची बेरीजही करू नका. २९ आणि २५ मिळून ५४, म्हणजे फॉर्म भरलेल्यांपेक्षा जास्त. काहींनी दोन्ही निवडलंय हे नक्की. कमीत कमी ७ जणांनी तरी, कारण ५४ वजा ४७ म्हणजे ७. नेमके किती, ते या चित्रात नाही.

तसंच, "८:३० वाल्यांना स्वच्छतेचा त्रास जास्त आहे का?" असं कुणी विचारलं तर स्क्रीनशॉटवरून उत्तर देता येत नाही. दोन चार्टमधली माणसं जोडायची तर शीटच लागते.

निष्कर्ष कसे लिहायचे

पाय चार्टमध्ये ८:०० चा तुकडा सगळ्यात मोठा दिसतो, म्हणून हात आपोआप लिहितो, "बहुसंख्य मुलांना ८ वाजता जेवण हवं." पण ४६ चे निम्मे २३, आणि इथे आहेत २१. पहिली पसंती आणि बहुमत या वेगळ्या गोष्टी आहेत. या एका शब्दावर मेसची वेळ बदलू शकते, आणि उरलेल्या २५ जणांनी दुसरं काही मागितलं होतं हे मीटिंगमध्ये कुणाला कळणारही नाही.

आपली यादी अशी होईल:

- फॉर्म ४७ जणांनी भरला. वेळेच्या प्रश्नाला ४६ उत्तरं आली.
- जेवणासाठी ८:०० ला सर्वाधिक पसंती, ४६ पैकी २१. निम्म्याहून कमी.
- ८:३० साठी १४, ७:३० साठी ९, इतर २.
- सुधारणांमध्ये चव (४७ पैकी २९) आणि स्वच्छता (४७ पैकी २५) पुढे. दोन्ही निम्म्याहून जास्त जणांनी निवडल्या.
- आकडे `Summary` च्या स्क्रीनशॉटवरून काढलेत. वेळेच्या प्रश्नाच्या संख्या टक्क्यांवरून मोजल्या आहेत.

शेवटच्या ओळीत स्क्रीनशॉटची तारीख आणि वेळही टाका. फॉर्म अजून सुरू असेल तर रात्रीपर्यंत आकडे बदललेले असतील. आणि यादीत "हॉस्टेलमधल्या मुलांना" असं न लिहिता "फॉर्म भरलेल्या ४७ जणांपैकी" असं लिहा. ज्यांनी फॉर्म उघडलाच नाही, त्यांचं मत या चित्रात कुठेच नाही.