वही तपासताना (भाग ६) : समासातला प्रश्न

गेल्या भागात गुणांबद्दल बोललो होतो. या वेळी थेट एक निबंध तपासू. विषय प्रसंगलेखनाचा, ‘पुराचा दिवस’. महाड-पोलादपूरच्या शाळांत हा विषय दिला की कुणाला कल्पना लढवावी लागत नाही. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा आजची नववी प्राथमिक शाळेत होती. पुढचा निबंध कुणा एका मुलाचा नाही. वह्यांमध्ये जे नेहमी दिसतं त्यावरून तो मी इथे जुळवला आहे.

“पाउस हा निसर्गाचा वरदान आहे. पण कधी कधी तो रौद्र रूप धारण करतो. त्या दिवशी सावित्री नदी दुथडी भरुन वाहत होती. आमच्या टेलरिंगच्या दुकानात खुप पाणि शिरले. बाबानी मशीन माळ्यावर चढवली. आमचे मोठे नुकसान झाले. सगळीकडे हाहाकार माजला. निसर्गापुढे माणूस हतबल आहे.”

लाल पेन घेऊन बसलं की हात आपोआप चालतो. पाउस, निसर्गाचा, भरुन, खुप, पाणि, बाबानी अशा सहा खुणा होतात आणि खाली शेरा पडतो, ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्या. वर्णन वाढवा.’ मुलगा सहा शब्द दुरुस्त करून निबंध पुन्हा उतरवतो. आता सगळे शब्द शुद्ध असतात, पण निबंध होता तसाच राहतो.

अमेरिकेतल्या लेखन-शिक्षिका नॅन्सी सॉमर्स यांनी १९८२ साली शिक्षकांच्या अशा शेऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन गोष्टी दिसल्या. एक, बहुतेक शेरे एका निबंधावरून उचलून दुसऱ्यावर चिकटवले तरी चालतील असे होते. दुसरी जास्त घातक आहे. शिक्षक एकाच परिच्छेदात वाक्यं दुरुस्त करायला सांगतात आणि तोच परिच्छेद नव्याने विचार करून लिहायलाही सांगतात. आपल्या निबंधातलं पहिलं वाक्य पाहा. ‘पाउस’ आणि ‘निसर्गाचा’ दुरुस्त केल्यावर मुलाला वाटणार की हे वाक्य आता पक्कं झालं. खरं तर ते वाक्यच तिथे नको आहे. दोन सूचनांपैकी मूल सोपी सूचना पाळतं, आणि त्यात त्याची चूक नाही.

म्हणून पहिलं वाचन पेन बाजूला ठेवून करावं. पेनाविना वाचलं की एक वाक्य वेगळं दिसतं, ‘बाबानी मशीन माळ्यावर चढवली.’ बाकीची वाक्यं मार्गदर्शक पुस्तकातून आली आहेत. हे एकच दुकानातून आलं आहे. त्या वाक्याच्या शेजारी, समासात, मी एवढंच लिहीन : ‘मशीन चढवताना तू कुठे होतास? पाणी तेव्हा कुठवर आलं होतं? निबंध इथूनच सुरू करून बघ.’ आणि ‘मोठे नुकसान’ याच्या शेजारी : ‘काय काय गेलं? दुकानाबाहेरच्या माणसाला हे कळत नाही.’ बस्स. पहिल्या खर्ड्यावर दोन शेरे पुष्कळ झाले. शेरा जमला का ते ओळखायचं असेल तर वहीवरचं नाव झाका. हाच शेरा शेजारच्या वहीत चालत असेल तर तो अजून लिहून झालेला नाही.

आपल्याकडे आठवीपर्यंतच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदी आल्या. त्यामागचा विचार असाच होता. पण लवकरच तयार नोंदींच्या याद्या फिरू लागल्या आणि ‘आपले विचार स्वतःच्या शब्दांत मांडतो’ हे वाक्य वर्गातल्या अर्ध्या मुलांच्या नावापुढे बसलं. ती नोंद दप्तरासाठी असते. तिच्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही, पण तिला शेरा समजू नये.

आता प्रश्न विचारूनही फसतं ते कसं, ते पाहू. दुसऱ्या खर्ड्यात पुष्कळदा निबंध जसाच्या तसा येतो आणि शेवटी जोडलेलं असतं, ‘मी पायरीवर होतो. पाणी गुडघ्यापर्यंत होते.’ मुलाने प्रश्नपत्रिका सोडवल्यासारखी उत्तरं दिलेली असतात. ‘इथूनच सुरू करून बघ’ हे वाक्य म्हणूनच महत्त्वाचं आहे. प्रश्नाबरोबर उत्तराची जागाही सांगावी लागते. तरीही तसंच झालं तर वर्गात त्याला फक्त ती दोन वाक्यं मोठ्याने वाचायला लावा आणि ‘मग?’ विचारा. तो तोंडी जे सांगेल तेच लिहायला सांगा. याउलट आपणच सुंदर वाक्य रचून वहीत घालण्याचा मोह होतो, तो आवरावा. मूल ते मुकाट्याने उतरवतं आणि निबंध आपला होतो.

शेरा नीट लागला तर दुसरा खर्डा साधारण असा सुरू होतो : “दादली पुलाला पाणी लागले असे कोणीतरी ओरडले. बाबांनी मशीनचा वरचा भाग सुटा केला आणि मी माळ्यावरून हात खाली केले. खालचा लोखंडी सांगाडा तसाच पाण्यात राहीला. शिवायला आलेले कपडे लोकांचे होते, ते आधी वर घेतले. आमचे कापड भिजले.” ‘हाहाकार’ आपोआप गळाला. नुकसान किती हे न सांगता कळलं, आणि बाबा कसे आहेत तेही कळलं. ‘राहीला’ ही नवी चूक आली. ती येणारच, कारण मूल पहिल्यांदाच स्वतःचं वाक्य रचत आहे.

शुद्धलेखनाची पाळी आता, दुसऱ्या खर्ड्यावर. इथेही सगळं आपण दुरुस्त करू नये. पहिल्या खर्ड्यातल्या सहा चुकांपैकी तीन एकाच नियमाच्या आहेत. मराठी शब्दाच्या शेवटी अकारान्त अक्षर असेल तर त्याच्या आधीचा उकार दीर्घ : पाऊस, भरून, खूप. तेवढा एक नियम समासात लिहा. बाकी चुका असतील त्या ओळीपुढे नुसती फुली करा, शब्द दाखवू नका. रिचर्ड हॅसवेल या अमेरिकन प्राध्यापकाने १९८३ साली हाच प्रयोग मांडला होता. नुसत्या फुलीवरून त्याच्या विद्यार्थ्यांनी साठ टक्क्यांच्या आसपास चुका स्वतःच शोधून दुरुस्त केल्या. ते विद्यार्थी महाविद्यालयातले होते. नववीत हे प्रमाण कमी येईल असं धरून चाला. उरलेल्या चुका मुलाला खरोखर माहीत नाहीत, आणि शिकवायच्या त्याच.

एक गोष्ट मात्र जपावी. २०२१ च्या त्याच दिवशी तळियेत दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही कोसळल्या. काही घरांत तो दिवस अजून संपलेला नाही. मुलाने जे दार स्वतः उघडलं असेल तिथेच प्रश्न विचारावा. ‘तुला तेव्हा काय वाटलं’ असा प्रश्न तर मी कोणत्याच वहीत लिहीत नाही, त्याचं उत्तर बहुतेक पुस्तकीच येतं. आणि पुराचा विषय नको असेल तर दुसरा विषय घेण्याची मोकळीक आधीच द्यावी.

वेळेचं काय? पन्नास वह्या, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे चार तासांहून जास्त. त्यात तपासायच्या पत्रांचे आणि सारांशांचे गठ्ठे वेगळेच. माझा तोडगा असा : सत्रात चार निबंध घेण्याऐवजी दोन घ्यावेत, प्रत्येकाचे दोन खर्डे. गुण दुसऱ्या खर्ड्यावरच द्यावेत, कारण वहीत आकडा दिसला की समास कुणी वाचत नाही.

एक अडचण उरतेच. दहावीच्या कुमारभारतीच्या उत्तरपत्रिकेत लेखनकौशल्याला आठ गुण असतात आणि तिथे दुसरा खर्डा नसतो. म्हणून वर्षातल्या शेवटच्या निबंधाला आपण शेरा देऊच नये. पहिला खर्डा झाला की मुलाने स्वतःच्या समासात, पेन्सिलीने, एक प्रश्न लिहायचा आणि मग पुन्हा लिहायचं. तपासताना आधी तो प्रश्न वाचावा. ‘चुका आहेत का?’ असा असेल तर आपले वर्षभराचे शेरे अजून लाल पेनाचेच होते. ‘सांगाड्याचं पुढे काय झालं ते लिहू का?’ असा असेल तर त्या मुलाची वही परीक्षेपर्यंत पुन्हा मागवायची गरज नाही.

पुढच्या भागात : पत्रलेखन, आणि मायना पाठ असूनही पत्र कुणालाच का लिहिलेलं वाटत नाही.