दहा किलो मटणाची बेचाळीस ताटं

खानावळ सुरू केली तेव्हा मटण थाळीचा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर केला होता. मटण ८०० रुपये किलो, ताटात १५० ग्रॅम, म्हणजे मटणाचे १२० रुपये. त्यात तांबडा-पांढरा, भाकरी, भात, कांदा, गॅस, पगार धरायचा आणि वर आपलं सुटायचं. गणितात चूक नव्हती. तरी महिनाअखेरीला गल्ल्यात पैसे उरत नव्हते. मला आधी संशय आला तो पोरांचा, मग दुकानदाराच्या काट्याचा. शेवटी आमच्या आचारी मावशींनीच विचारलं, "मालक, मटण शिजल्यावर आटतं, ते तुमच्या वहीत कुठं आटलंय?"

मोठ्या हॉटेलांत याला यील्ड टेस्ट म्हणतात. आपण आणलेल्या मालातून ताटात प्रत्यक्ष किती पडतं ते तोलून बघायचं, आणि बिलाची सगळी रक्कम तेवढ्याच वजनावर टाकायची. लागतं काय, तर पाच ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, रिकाम्या पातेल्याचं लिहून ठेवलेलं वजन आणि एक सकाळ.

त्या सकाळी रस्सा कट मटणाचं बिल १० किलोचं होतं, ८००० रुपये. आमच्या काट्यावर ते भरलं ९ किलो ९०० ग्रॅम. शंभर ग्रॅम तिथंच गेले. मग मावशी निवडायला बसल्या आणि मी प्रत्येक ढीग वेगळा तोलत गेलो. पिशवीच्या तळाला साठलेलं रक्तपाणी ८० ग्रॅम, सुट्या चरबीचे गोळे ५५० ग्रॅम, पडदे आणि शिरा १८० ग्रॅम, सुऱ्याच्या घावानं फुटलेली बारीक हाडं ९० ग्रॅम. एकूण ९००. म्हणजे पातेल्यात जाण्याजोगं मटण नेमकं ९ किलो राहिलं. ८००० भागिले ९ केलं तर ८०० चं मटण ८८९ रुपये किलो पडलं, आणि अजून चूल पेटलेली नव्हती.

इथं एक सावधगिरी घ्यावी लागते. मटण आधी धुतलं आणि तसंच ओलं तोललं, तर दहा किलोत पाव किलोभर पाणी सहज मटणाच्या नावावर चढतं. धुतल्यावर पंधरा-वीस मिनिटं चाळणीत निथळू द्यायचं, मग काट्यावर ठेवायचं. पहिल्यांदा मी हे केलं नव्हतं आणि निवडल्यावर मटण वाढल्याचा चमत्कार पाहिला होता.

मग हळद, मीठ, आलं-लसूण लावून पातेल्यात शिजवलं. फोडी झाऱ्यानं काढल्या, नीट निथळल्या आणि तोलल्या. भरल्या ६ किलो ३०० ग्रॅम. नऊ किलोतले २ किलो ७०० ग्रॅम शिजताना गेले, म्हणजे तीस टक्के. मांसातलं पाणी सुटतं, चरबी वितळते. कोल्हापूरकडचा माणूस लगेच म्हणेल की ते वाया कुठं गेलं, ते तर अळणीत उतरलं आणि अळणीचाच पांढरा रस्सा झाला. खरं आहे. पण रस्सा आपण वाटीवर वाटी फुकट वाढतो, त्याचं वेगळं बिल लावत नाही. त्यामुळे खरेदीतून त्याचे पैसे वजा करता येत नाहीत. ताटातल्या फोडींनीच सगळा खर्च उचलायचा असतो.

६ किलो ३०० ग्रॅमला १५० नं भागलं की ४२ ताटं होतात. ८००० भागिले ४२, म्हणजे ताटाला १९० रुपये. वहीत होते १२०. दर ताटामागे सत्तर रुपये कुठं जात होते ते त्या दिवशी सापडलं. पोरं बिचारी निर्दोष होती.

चूक होती ती शब्दांत. पाटीवर '१५० ग्रॅम मटण' लिहिलं होतं, वाढताना ते शिजलेलं धरलं जायचं आणि हिशेबात कच्चं. निवडलेलं कच्चं १५० ग्रॅम एका ताटाला धरलं, तर नऊ किलोत ६० ताटं निघतात आणि ताटाला १३३ रुपये पडतात. मात्र गिऱ्हाइकापुढे हाडासकट १०५ ग्रॅमच येतं. दोन्ही रीती प्रामाणिक आहेत. एक ठरवावी आणि पाटी, पळी, वही तिन्हीकडे तीच ठेवावी.

एकदा हे प्रमाण हाताशी आलं की रोज तोलायची गरज नसते. शिजलेलं मटण आणलेल्याच्या ६३ टक्के, म्हणून बाजारभावाला ०.६३ नं भागायचं. भाव ८६० झाला तर शिजलेला किलो १३६५ रुपयांना पडतो आणि १५० ग्रॅमचं ताट २०५ ला. किलोमागे साठ रुपये वाढले की ताटामागे चौदा-पंधरा वाढतात. सणासुदीच्या आधी दर ठरवायला एवढं पुरतं.

पण एका चाचणीवर विसंबू नये. निदान तीनदा करावी. दुकान बदललं, बोकड जून निघालं, मांडी-फऱ्याऐवजी मान आणि सीना जास्त आला की आकडा हलतो. कुकरनं तर हमखास हलतो. दोन शिट्ट्या जास्त झाल्या की मांस हाडावरून सुटतं, त्याचे धागे रस्स्यात जातात आणि झाऱ्यावर हाडंच उरतात. कधी आकडा एकदम ५५ वर आला, तर दुकानदाराशी भांडण्याआधी कुकरचं झाकण उघडून बघावं.

चिकनचा खेळ वेगळा आहे. तिथं पहिली गळती दुकानातच होते. दोन किलोची जिवंत कोंबडी १५० च्या भावानं ३०० रुपयांना घेतली आणि कातडी काढून तुकडे १ किलो ३०० ग्रॅम मिळाले, तर किलोला २३१ पडले. शेजारच्या पाटीवरच्या भावाशी या आकड्याची तुलना करायची, १५० ची नव्हे.

बोनलेसनं मात्र मला चकवलं होतं. दुकानात तयार बोनलेस ३८० होतं आणि सोललेली कोंबडी २४०. घरी हाडं काढली की स्वस्त पडेल असं कुणालाही वाटेल. १० किलो आणली, २४०० रुपये. बोनलेस निघालं ५ किलो ६०० ग्रॅम, पंख ९०० ग्रॅम, हाडं ३ किलो १०० ग्रॅम आणि ४०० ग्रॅम छाटणीत गेले. पंख तळून खपतात. बाहेरून १५० नं घ्यावे लागले असते, म्हणून १३५ रुपये वजा केले. उरलेले २२६५ बोनलेसवर टाकले तर किलो ४०४ ला पडलं. हाडांचं सूप रोज विकलं जात असेल, तर २० रुपये किलोनं आणखी ६२ वजा करता येतात आणि भाव ३९३ वर येतो. सूप विकत नसाल तर हाडांची किंमत शून्यच लिहावी. मनाला बरं वाटावं म्हणून तिथं आकडा टाकण्यात अर्थ नाही. शिवाय यात मावशींचा दीड तास अजून धरलेला नाही.

आता आमच्याकडे बोनलेस विकतच येतं. मटण थाळीवर मी साठ रुपये वाढवले आणि पाटीवर 'शिजलेलं, हाडासकट १५० ग्रॅम' असं लिहिलं. पहिल्या आठवड्यात चार गिऱ्हाइकं कमी झाली. त्यातली दोन परत आली.