गाडीत ‘गीतरामायण’ क्रमाने कसं वाजेल?

‘गीतरामायण’ १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झालं. गाणी छप्पन्न, आणि त्यांना कथेचा क्रम. तीच छप्पन्न गाणी पेनड्राइव्हवर घेऊन कोकणात निघालेल्या कुटुंबाला मात्र घाट चढताना थेट लंकेतलं युद्ध ऐकू येतं आणि रामजन्म चिपळूण गेल्यावर होतो.

चूक सहसा गाडीच्या स्टिरिओची नसते. जुने स्टिरिओ नावं वर्णानुक्रमे लावत बसत नाहीत. फाइली पेनड्राइव्हवर ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या, त्याच क्रमाने ते वाजवतात. संगणकाच्या पडद्यावर यादी सरळ दिसते, कारण ती संगणक लावून दाखवतो. मधलं एक गाणं पुसून पुन्हा टाकलं, तरी गाडीत त्याची जागा हलू शकते.

म्हणून आधी नावं नीट करायची: `01 Geetramayan.mp3` ते `56 Geetramayan.mp3`. पुढचं शून्य सोडलं, तर अक्षरशः क्रम लावणाऱ्या यंत्रावर १ नंतर १० येतो. मग ही फाइल सापडावी म्हणून सगळा फोल्डर संगणकाच्या डिस्कवर ठेवून, पेनड्राइव्ह रिकामा करून, विंडोजच्या कमांड खिडकीतून एका दमात उतरवायचा:

```
xcopy D:\Gadi E:\ /E
```

इथे `E:` म्हणजे पेनड्राइव्ह. विंडोजची आतली डिस्क नावं क्रमानेच ठेवते, त्यामुळे फाइली त्याच क्रमाने लिहिल्या जातात. माउसने ओढून टाकताना हा भरवसा नसतो.

नाव रोमनमध्ये का? जुन्या स्टिरिओच्या छोट्या पडद्यात देवनागरी अक्षरंच नसतात. तिथे चौकोन किंवा प्रश्नचिन्हं उमटतात, गाणं बहुधा वाजतं. पण फाइलचं नाव बदलूनही चौकोन राहिले, तर स्टिरिओ गाण्याच्या आत लिहिलेली माहिती, म्हणजे ‘टॅग’, दाखवतो आहे असं समजावं. शीर्षक तिथेही रोमनमध्ये लिहावं लागतं. मराठी माणसाला हे खटकेल, खटकायलाच हवं. देवनागरी नावांची मूळ प्रत घरच्या संगणकावर जपावी.

मोबाइलवरून आलेली गाणी पुष्कळदा `.m4a` असतात. शेवट बदलून `.mp3` केलं म्हणजे गाणं बदलत नाही, फक्त पाटी बदलते, आणि स्टिरिओ ते वगळून पुढे जातो. खरं रूपांतर करावं लागतं. १९२ केबीपीएसचा एमपी-थ्री पुरेसा आहे. सहा मिनिटांचं गाणं त्यात साधारण साडेआठ एमबी होतं, म्हणजे छप्पन्न गाणी अर्ध्या जीबीत बसतात.

तेव्हा मोठा पेनड्राइव्ह घेऊच नये. ६४ जीबीचे बहुधा `exFAT` मांडणीत येतात आणि जुना स्टिरिओ ते ओळखतच नाही. १६ जीबीचा `FAT32` पेनड्राइव्ह घ्यावा.