शनिवारची रात्र आणि सोमवारची रजा

‘शनिवारी रात्री ११ ते रविवारी सकाळी ६ या वेळेत एटीएम व यूपीआय सेवा बंद राहील.’ बँकेचा असा एसएमएस आपण वाचतो आणि विसरून जातो. त्या सात तासांत कुठल्यातरी गार खोलीत तीन-चार माणसं जागी असतात. त्यांची रात्र कशी आखली होती, हे बहुतेक वेळा सोमवारी शाखा उघडल्यावर कळतं.

उदाहरणादाखल मध्यम आकाराची एक नागरी सहकारी बँक घेऊ. ग्राहकांची खाती ज्या डेटाबेसमध्ये आहेत, त्याची आवृत्ती बदलायची आहे. पहिला प्रश्न तारखेचा. २०१५च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, म्हणजे शनिवार-रविवार शाखा बंद. चौथा शनिवार २२ ते २८ तारखेत येतो. त्या अपग्रेडमध्ये एखादी बारीक खोट राहिली, तर ती निस्तरायच्या आत महिनाअखेर आणि पाठोपाठ पगाराचे दिवस अंगावर येतात. दुसरा शनिवार ८ ते १४च्या दरम्यान असतो. पगाराची गर्दी ओसरलेली आणि पुढचे दोन आठवडे तुलनेने निवांत. म्हणून दुसरा शनिवार घ्यावा, आणि मार्च महिना टाळावाच.

आता रात्रीचं गणित. हे उलट्या बाजूने, म्हणजे सकाळी सहापासून मागे मांडायचं असतं. अपग्रेड फसलं तर बॅकअपवरून जुनी व्यवस्था परत उभी करायला किती वेळ लागतो? अंदाज चालत नाही, रंगीत तालमीत घड्याळ लावून मोजावं लागतं. समजा दोन तास लागले. त्यानंतर तपासणीला अर्धा तास आणि अडीअडचणीला अर्धा तास. म्हणजे सहाच्या आधी तीन तास, पहाटे तीनला, ‘पुढे जायचं की मागे फिरायचं’ हा निर्णय झालाच पाहिजे.

सुरुवातीकडून मोजू. अकराला सेवा बंद. दिवसअखेरचे हिशेब बंद करायला पाऊण तास, पूर्ण बॅकअपला सव्वा तास, अपग्रेडला दीड तास, चाचणीला एक तास. साडेतीन वाजले! निर्णयाची वेळ टळून गेल्यावर निकाल हाती येतो. कागदावर सात तास भरपूर वाटतात, पण ही आखणी चुकलेलीच आहे. उपाय साधा आहे. पूर्ण बॅकअप शनिवारी संध्याकाळीच घ्यायचा आणि रात्री फक्त त्यानंतर झालेले बदल जोडून घ्यायचे. त्याला पंधरा मिनिटं पुरतात. आता चाचणी अडीचला संपते आणि अर्धा तास गाठीला राहतो.

घड्याळ जुळलं, पण माणसांचं काय? नेहमीची पद्धत अशी की डेटाबेस सांभाळणारा माणूस सकाळी नेहमीच्या वेळी कामावर येतो, दिवसभर तयारी करतो आणि तोच रात्री बसतो. सकाळी सातला उठलेला हा माणूस पहाटे तीनला वीस तास जागा असतो. डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे आठवावा. सतरा तास सलग जागलेल्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावली होती. आपल्याकडे वाहन चालवण्यासाठीची मर्यादा ०.०३ टक्के आहे. त्यातच पहाटे तीन ते पाच हा शरीराच्या घड्याळातला सर्वांत मंद काळ. नेमक्या त्याच वेळी आपण या माणसाला हजारो खात्यांबद्दलचा निर्णय विचारतो.

म्हणून पाळ्या एकावर एक सरकवून लावायच्या. पहिल्या पाळीत दोघं, दुपारी चार ते रात्री बारा. पूर्ण बॅकअप, दिवसअखेर आणि शेवटचे बदल जोडणं हे त्यांचं काम. दुसरी पाळी तिघांची, रात्री दहा ते सकाळी सहा. शनिवारी दिवसभर त्यांना काहीही काम द्यायचं नाही. दुपारी झोप काढून यायचं, हेच त्यांचं त्या दिवसाचं काम. तिसऱ्या पाळीत दोघं, पहाटे पाच ते दुपारी एक. दहा ते बारा आणि पाच ते सहा या वेळा मुद्दाम दोन्ही पाळ्यांत धरलेल्या आहेत. आपापसांत सांगण्यापेक्षा वहीत लिहिलेलं महत्त्वाचं: किती वाजता काय केलं, पडद्यावर काय आलं, काय अर्धवट राहिलं. एकाने कमांड वाचायची आणि दुसऱ्याने टाइप करायची, हा नियम पहाटे विशेष पाळावा. वहीतल्या वेळा चुकू लागल्या, एकच ओळ दोनदा वाचली जाऊ लागली किंवा बोलका माणूस गप्प झाला, की थकवा कामात उतरला असं समजावं.

निर्णय मात्र या तिघांपैकी कोणी घेऊ नये. चार तास खपल्यावर माघार घ्यायला मन धजत नाही. आयटी प्रमुखाने संध्याकाळी झोपून एकच्या सुमारास यावं, कीबोर्डला हात लावू नये आणि चाचणीचे आकडे पाहावेत. खात्यांची संख्या आधीइतकीच आहे का, एकूण ठेवी पैशापर्यंत जुळतात का, तेरीज जुळते का, एका मुदत ठेवीचं व्याज बरोबर निघतं का. तीनपर्यंत एकही आकडा अडला, तर माघार. ही माघारही तालमीत तपासलेली हवी. २०१२च्या जूनमध्ये ब्रिटनच्या आरबीएस बँकेत रात्रीची कामं क्रमाने चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं अपग्रेड अडल्यावर ते काढून टाकलं गेलं, पण काढल्याचे परिणाम आधी तपासलेले नव्हते. लाखो ग्राहकांचे व्यवहार अडकले आणि २०१४ साली नियामकांनी मिळून ५.६ कोटी पौंड दंड केला.

राहिला विश्रांतीचा भाग, आणि माझ्या मते अख्ख्या आखणीत सर्वांत जास्त फसवणूक इथे होते. रात्रपाळीचे तिघं रविवारी सकाळी घरी गेले, दिवसभर झोपले, म्हणजे विश्रांती मिळाली असं धरलं जातं. पण रविवार हा त्यांच्या हक्काचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस होता, तो झोपेत गेला. भरपाईची रजा म्हणजे सोमवार, हजेरीपटावर आधीच लिहिलेला. जागरणाचा भत्ता जरूर द्यावा, पण पैसे घेतले म्हणून झोप भरून निघत नाही. घरी जायलाही कचेरीची गाडी द्यावी. रात्रभर जागून दुचाकीवर बसणं हा धोका आहे.

अडचण अशी की सोमवारी सकाळी शाखा उघडतात आणि तक्रारी सुरू होतात. पासबुक छापत नाही, एखाद्या अहवालाचा रकाना रिकामा येतो. सगळ्यांना तोच डेटाबेसवाला हवा असतो. रजा कागदावर राहते आणि फोन दिवसभर वाजतो. म्हणून सोमवारचा फोन पहिल्या आणि तिसऱ्या पाळीकडे द्यायचा. पहिल्या पाळीला पूर्ण रविवार मिळालेला असतो, तिसरी पाळी रविवारी दुपारीच सुटलेली असते. तिसऱ्या पाळीने आपली भरपाई रजा बुधवार-गुरुवारी घ्यावी. हे जमण्यासाठी या चौघांनी तालमीला हजर असणं आणि ती वही वाचलेली असणं गरजेचं आहे. नाहीतर त्यांच्याकडून फोन पुन्हा झोपलेल्या माणसाकडेच जातो.

काम लांबलं तर? युरोपीय संघाच्या कामाच्या वेळांबाबतच्या २००३च्या निर्देशात चोवीस तासांत सलग अकरा तास विश्रांती सांगितली आहे. ते माप इथेही वापरता येतं. रात्रपाळी सहाऐवजी नऊला सुटली, तर अकरा तास नऊपासून मोजायचे, प्रवास वेगळा. नऊच्या पुढे तर त्यांना थांबवायचंच नाही. काम उरलं असेल तर ते तिसऱ्या पाळीने वहीवरून उचलावं. मंगळवारी सकाळी दहाला तिघं कामावर आले, की सोमवारच्या तक्रारींची यादी त्यांच्यापुढे ठेवावी आणि दुसऱ्या अपग्रेडची तारीख लगेच ठरवू नये.