आपल्याच फोनची चोरी

दुरुस्तीला दिलेला आपलाच मोबाइल, दुकानदाराची पाठ वळताच, बिल न देता काउंटरवरून उचलून आणला तर ती चोरी होते का? बहुतेक जण म्हणतील, आपल्याच वस्तूची कसली आली चोरी! फार तर दुरुस्तीचे पैसे बुडवले म्हणा. कायदा मात्र याला चोरी म्हणू शकतो. कधी म्हणतो आणि कधी नाही, हे भारतीय न्याय संहितेच्या एकाच कलमात लिहिलेले आहे: कलम 303. ते समजून घ्यायला जाडजूड भाष्यग्रंथ लागत नाही. बेअर ॲक्ट, म्हणजे कुणाचीही टीकाटिप्पणी नसलेला कायद्याचा मूळ मजकूर, आणि एक पेन्सिल एवढे पुरते. कायदा कसा वाचायचा हे दाखवायलाही हे कलम सोयीचे आहे, कारण व्याख्या, स्पष्टीकरणे, उदाहरणे आणि परंतुक हे सारे त्यात एकाच ठिकाणी भेटते.

पहिल्या पोटकलमात चोरी म्हणजे काय ते एका लांबलचक वाक्यात सांगितले आहे. एखाद्याच्या कब्जातून, त्याच्या संमतीशिवाय, जंगम मालमत्ता अप्रामाणिकपणे घेण्याच्या उद्देशाने जो कोणी ती मालमत्ता हलवतो, तो चोरी करतो. असे वाक्य एका दमात वाचले की हातात फक्त 'दुसऱ्याची वस्तू घेणे' एवढा ढोबळ अर्थ उरतो आणि तिथेच घोटाळा होतो. म्हणून आधी वाक्याचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पेन्सिलने आकडा घालायचा. जंगम मालमत्ता, एक. कुणाच्या तरी कब्जात, दोन. संमती नाही, तीन. अप्रामाणिक उद्देश, चार. त्या उद्देशाने हलवणे, पाच. वकील यांना गुन्ह्याचे घटक म्हणतात. पाचही सिद्ध झाले तरच चोरी. एक गळाला तर दुसरा एखादा गुन्हा असेल, चोरी नाही.

आकडे घालताना एक गोष्ट ध्यानात येते. या वाक्यात 'मालक' हा शब्दच नाही. कायदा विचारतो तो कब्जा कुणाचा होता हे. मोबाइल दुरुस्तीला दिला तेव्हा मालकी तुमच्याकडेच राहिली, कब्जा दुकानदाराकडे गेला. आपल्या मूळ प्रश्नातला अर्धा अडथळा इथेच दूर होतो.

उरलेला अर्धा 'अप्रामाणिकपणे' या शब्दात आहे. हा शब्द रोजच्या बोलण्यातला वाटतो, म्हणून त्यावरून नजर सहज पुढे सरकते. पण ज्या शब्दाची कायद्याने व्याख्या केली आहे, त्याचा बोलीतला अर्थ घेऊन चालत नाही. संहितेच्या कलम 2 मध्ये व्याख्या इंग्रजी वर्णानुक्रमाने लावल्या आहेत. तिथले खंड 7 सांगते की अप्रामाणिकपणे म्हणजे एकाला गैरलाभ किंवा दुसऱ्याला गैरहानी व्हावी या उद्देशाने. मग गैरहानी म्हणजे काय? त्यासाठी खंड 37: ज्या मालमत्तेवर एखाद्याचा कायदेशीर हक्क आहे ती त्याने बेकायदेशीर मार्गाने गमावणे. आणि खंड 38 आणखी पुढे जाऊन सांगते की मालमत्ता हिरावून घेणे जसे गमावणे ठरते, तसेच माणसाला त्याच्या मालमत्तेपासून गैरपणे दूर ठेवणे हेही. एका शब्दासाठी इतके मागे जावे लागते. हा पाठलाग एकदाच करायचा आणि कलम 303 च्या समासात, त्या शब्दासमोर, '2(7), 36 ते 38' एवढेच लिहून ठेवायचे. व्याख्या पुन्हा उतरवून काढण्यात वेळही जातो आणि समासही भरतो.

व्याख्या वाचताना क्रियापदही पाहावे. 'अप्रामाणिकपणे'च्या व्याख्येत 'म्हणजे' आहे. तिथे अर्थाला कुंपण घातले. जंगम मालमत्तेच्या व्याख्येत 'समाविष्ट आहे' असा प्रयोग आहे. तिथे दार थोडे उघडे ठेवले. शिवाय कलम 2 ची सुरुवातच 'संदर्भानुसार वेगळा अर्थ अपेक्षित नसेल तर' अशा आशयाच्या शब्दांनी होते. त्या शब्दांखाली रेघ हवीच. उलट 'कब्जा' या शब्दाची व्याख्या कलम 2 मध्ये शोधूनही सापडणार नाही. कलम 3 च्या तिसऱ्या पोटकलमात मात्र त्याचा एक तुकडा आहे: पती किंवा पत्नी, कारकून किंवा नोकर यांच्याकडे माझ्या वतीने असलेली मालमत्ता माझ्याच कब्जात धरली जाते. व्याख्या नेहमी व्याख्यांच्या कलमातच बसलेली असते, असे समजू नये.

व्याख्येनंतर पाच स्पष्टीकरणे येतात. त्यांना दुय्यम मानून सोडून देण्याची सवय असते, आणि ती महागात पडते, कारण स्पष्टीकरण मुख्य तरतुदीचाच भाग असतो. पहिले स्पष्टीकरण पाहा. जमिनीला जोडलेली वस्तू जंगम नाही, म्हणून तिची चोरी होत नाही. पण जमिनीपासून वेगळी झाली की त्या क्षणापासून होऊ शकते. दुसरे लगेच पुढचा प्रश्न मिटवते: ज्या कृतीने वस्तू तोडली त्याच कृतीने ती हलली, तरी ते 'हलवणे' ठरू शकते. म्हणजे उभे झाड जंगम नसले तरी ते न्यायच्या इराद्याने कापले की त्याच क्षणी चोरी. पाचवे स्पष्टीकरण संमतीबद्दल आहे; ती शब्दांत दिलेली असेल किंवा वागण्यावरून समजायची असेल, दोन्ही चालतात. प्रत्येक स्पष्टीकरणासमोर ते ज्या घटकाचे आहे त्याचा आकडा टाकायचा. पहिल्यासमोर 1, दुसऱ्यासमोर 5, पाचव्यासमोर 3. बाण वगैरे काढायची गरज नाही.

आता उदाहरणे. कायद्यातच काल्पनिक प्रसंग घालण्याची ही पद्धत मेकॉलेच्या 1837 च्या मसुद्यातून 1860 च्या दंडसंहितेत आली आणि नव्या संहितेनेही ती ठेवली. या कलमाखाली अशी सोळा उदाहरणे आहेत. ती सुटी सुटी वाचली तर मनोरंजक गोष्टी वाटतात. जोडीने वाचली तर त्यांचे काम कळते, कारण मसुदा करणाऱ्याने पुष्कळ ठिकाणी दोन प्रसंगांत एकच तपशील बदलला आहे आणि त्या एका बदलाने उत्तर उलटे झाले आहे. एखाद्याच्या घरातल्या टेबलावरची अंगठी उचलली तर चोरी. रस्त्यावर पडलेली, कुणाच्याच कब्जात नसलेली उचलली तर चोरी नाही, फार तर अपहार. बदलला तो कब्जा. चांदीची भांडी सोपवलेला नोकर ती घेऊन पळाला तर चोरी. प्रवासाला जाताना वखारवाल्याकडे ठेवलेली भांडी त्याने विकली तर चोरी नाही, विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो. फरक का? कलम 3(3) आठवा. नोकराच्या हातातली भांडी कायद्याने अजून धन्याच्याच कब्जात होती. वखारवाल्याकडे मात्र कब्जाच गेला होता.

आपला मोबाइलवाला भेटतो तो i आणि j या दोन उदाहरणांत, फक्त तिथे घड्याळ आहे. घड्याळजीला काहीही देणे नसताना मालकाने दुकानात उघडपणे शिरून आपले घड्याळ जबरदस्तीने नेले, तर अतिक्रमण आणि हल्ला हे गुन्हे होऊ शकतील, चोरी नाही, कारण उद्देश अप्रामाणिक नव्हता. पण दुरुस्तीचे पैसे बाकी आहेत, घड्याळजीने तारण म्हणून घड्याळ कायदेशीरपणे ठेवून घेतले आहे, आणि ते तारण बुडवण्याच्या हेतूने मालकाने ते नेले, तर चोरी. इथे 'कायदेशीरपणे' हा शब्द अधोरेखित करावा, कारण तो दुसऱ्या कायद्याकडे बोट दाखवतो. 1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 170 म्हणते की वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च करणाऱ्याला मोबदला मिळेपर्यंत ती अडवून ठेवता येते, करारात तसे नाकारलेले नसेल तर. त्याखालचे उदाहरण बोलके आहे: कोट शिवून होताच देईन आणि पैशांसाठी तीन महिने थांबेन, असे कबूल करणाऱ्या शिंप्याला कोट अडवता येत नाही. म्हणजे मोबाइलवाला 'पैसे पुढच्या महिन्यात द्या' म्हणाला असेल, तर त्याला फोन अडवायचा हक्कच नव्हता आणि प्रसंग j मधून i मध्ये जातो. उदाहरण j च्या समासात 'करार 170' एवढेच लिहावे. सोळाही उदाहरणांसमोर घटकाचा आकडा टाकला की पान एका नजरेत बोलू लागते. अर्थात उदाहरणे घटकांवर प्रकाश टाकतात, सगळी शक्यता संपवत नाहीत. आपला प्रसंग त्यांत नाही म्हणून तो गुन्हा नाही, हा तर्क चुकीचा.

दुसऱ्या पोटकलमात शिक्षा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, या कलमाखाली पुन्हा दोषी ठरल्यास किमान एक आणि कमाल पाच वर्षांची सक्तमजुरी आणि दंड. मग ठळक वळण येते ते परंतुकाचे. चोरीच्या मालाची किंमत पाच हजारांहून कमी असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरत असेल, आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा सामाजिक सेवेची. अटी तीन आहेत आणि तिन्ही एकत्र लागतात. समजा फोनची किंमत साडेचार हजार आणि बिल बाराशे; परंतुक मालाच्या किमतीबद्दल बोलते, बिलाबद्दल नाही. मुख्य तरतुदीत 'या कलमाखाली' दुसऱ्यांदा दोषी असे शब्द आहेत. परंतुकात नुसते 'पहिल्यांदा' आहे. दुसऱ्याच गुन्ह्यात पूर्वी शिक्षा झालेल्याला सवलत मिळेल का, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. परत केव्हापर्यंत करायचे, तेही लिहिलेले नाही. इंग्रजी परंतुकात एकच क्रियापद दोनदा आले आहे; घाईत लिहिल्याची खूण म्हणायची. अशा जागी समासात प्रश्नचिन्ह टाकून पुढे जावे, उत्तर रचू नये.

परंतुकाची धाव ते ज्या तरतुदीला जोडले आहे तिथपर्यंतच असते. सर्वोच्च न्यायालयाने 1985 च्या सुंदरम पिल्लई खटल्यात परंतुक आणि स्पष्टीकरण या दोहोंच्या कामाची सविस्तर चर्चा केली आहे. आता फोन रस्त्याकडेच्या टेबलावरून उचलला, की इमारतीतल्या दुकानातून? मालमत्ता ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतली चोरी कलम 305 मध्ये येते. तिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते आणि पाच हजारांचे परंतुक तिथे नाही. दुकान हे मालमत्ता ठेवण्याचेच ठिकाण आहे, असे सरकार पक्ष म्हणणारच. तोच फोन, तेच गिऱ्हाईक, पण वस्तू कुठे होती यावर सवलत अवलंबून. परंतुकाशेजारी '305 ला नाही' एवढे तीन शब्द पुरतात. 'सामाजिक सेवा' म्हणजे काय हेही या संहितेत सापडत नाही. ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 23 च्या स्पष्टीकरणात आहे: समाजाला उपयोगी पडणारे, न्यायालयाने सांगितलेले, बिनमोबदल्याचे काम.

निवाड्यांची नोंद करताना हात आखडता घ्यावा. एका घटकाला एक निवाडा, तोही एका ओळीत. 'घेणे' कायमचेच हवे का, असा प्रश्न पडतो. त्यासमोर 'प्यारेलाल भार्गव, 1963: फाइल दुसऱ्या दिवशी परत, तरी चोरी' हे पुरेसे. सरकारी कचेरीतली फाइल बाहेर नेऊन दुसऱ्या दिवशी परत ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याचे ते प्रकरण होते. चार रंगांचे हायलायटर वापरणारी मुले मी पाहिली आहेत. पान अखेर सगळेच पिवळे-गुलाबी होते आणि महत्त्वाचे काय ते पुन्हा शोधावे लागते. पेन्सिल बरी, ती खोडताही येते. कायद्यात दुरुस्ती झाली की ते लागतेच.

कलमाच्या मथळ्याशेजारी जुने क्रमांक लिहावेत: 378, 379. जुने निवाडे त्याच क्रमांकांनी सापडतात. नवी संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. त्याआधी घडलेल्या चोरीला जुनी दंडसंहिताच लागते आणि तिच्या कलम 379 मध्ये हे परंतुक नव्हते. म्हणून प्रकरण हातात आले की घटनेची तारीख आधी पाहावी, मग कोणते पुस्तक उघडायचे ते ठरवावे.